नळाच्या पाण्याला महिना किती द्याल? घरोघरी हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

गावात नवी किंवा सुधारित नळयोजना आणायची असेल, तर पाणीपट्टी किती ठेवावी आणि त्या पट्टीला किती घरे जोडणी घेतील, याचा अंदाज आधी लागतो. तो मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे घरोघरी जाऊन विचारणे. अडचण अशी की विचारणाऱ्याच्या हातात पाणी नसते आणि उत्तर देणाऱ्याच्या खिशातून त्या क्षणी एक रुपयाही जात नाही. त्यामुळे "महिना दोनशे रुपये द्याल का?" याला मिळालेला होकार आणि पुढे प्रत्यक्ष भरले गेलेले पैसे यांत तफावत पडते. अभ्यासक या तफावतीला हायपोथेटिकल बायस म्हणतात. या लेखात मी सोयीसाठी तिला फुगवटा म्हणणार आहे.

हा फुगवटा सगळीकडे सारखा नसतो. वेगवेगळ्या वस्तूंवरच्या अशा तुलना एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात बोललेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांचे मध्यक गुणोत्तर १.३५ निघाले, काही अभ्यासांत मात्र ते कितीतरी पट मोठे होते. याउलट केरळमधील काही गावांत १९८८ मध्ये जागतिक बँकेच्या अभ्यासगटाने कुटुंबांना विचारले होते की अमुक दराने नळजोडणी मिळाली तर घ्याल का. नळयोजना आल्यावर १९९१ मध्ये त्याच कुटुंबांकडे परत जाऊन पाहिले, तेव्हा बहुतेक कुटुंबे आपल्या उत्तराप्रमाणेच वागलेली आढळली. पाणी ही रोजच्या वापरातली गोष्ट आहे, तिची टंचाई आणि तिचा खर्च लोकांना पाठ असतो, म्हणून नीट विचारल्यास उत्तर खरे मिळू शकते. "शेवटी सगळ्या आकड्यांतून सरसकट पंचवीस टक्के कापू" हा अनेकांचा शिरस्ता त्यामुळेच मला पटत नाही. फुगवटा प्रश्नाच्या रचनेत आणि विचारण्याच्या रीतीत तयार होतो, आणि तो तिथेच रोखावा लागतो.

पुढचे टप्पे एका नमुना गावाच्या आधाराने दिले आहेत. गावात सहाशे घरे आहेत, नळ आहेत, पण पाणी तीन दिवसांतून एकदा, तेही अनियमित वेळी येते. प्रस्ताव असा आहे की मीटर बसवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक तास पुरेशा दाबाने पाणी द्यायचे. गाव आणि त्याचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत.

सुरुवात करण्याआधी जवळ काय असावे

- ग्रामपंचायतीचा नमुना ८ (कर आकारणी नोंदवही) आणि नमुना ९ (कर मागणी नोंदवही) पाहण्याची लेखी परवानगी. पहिल्यातून घरांची यादी मिळते, दुसऱ्यातून पाणीपट्टीची मागणी आणि थकबाकी कळते.
- योजनेचा तांत्रिक आराखडा, किमान उद्भव, टाकीची क्षमता आणि वार्षिक देखभाल-दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज.
- सेवेचे वर्णन असलेले एका पानाचे चित्रपत्रक.
- दराच्या चिठ्ठ्या, पाकिटात बंद केलेल्या.
- छापील प्रश्नावली किंवा मोबाइलवरचा फॉर्म, आणि मोकळ्या उत्तरांसाठी वही. वही विसरू नका, कारण सर्वांत उपयोगी मजकूर तिच्यातच सापडतो.

१. विकायची सेवा एका परिच्छेदात पक्की करा

"चांगले पाणी मिळाले तर किती द्याल?" या प्रश्नाचे उत्तर कुणालाच देता येत नाही. एकजण टँकर बंद होईल असे समजून उत्तर देतो, दुसरा चोवीस तास पाणी समजतो, तिसरा आरओचे पाणी समजतो. त्यांची उत्तरे एकत्र केली तर बेरीज होते, पण ती कशाची बेरीज आहे हे सांगता येत नाही. म्हणून किती वाजता, किती वेळ, कोणत्या दाबाने, मीटरसह की मीटरशिवाय, बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती, आणि पाणी पिण्यायोग्य आहे की फक्त वापराचे, एवढे तरी वर्णनात हवे.

वर्णनात खोट घालू नका. आराखड्यात रोज एक तास पाणी असेल आणि प्रश्नकर्ता उत्साहाने "भरपूर पाणी येईल हो काकू" असे म्हणाला, तर पुढचा होकार त्या "भरपूर"ला आहे, तुमच्या योजनेला नाही. असा होकार पुढे कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही.

आजच्या महाराष्ट्रात एक खास अडसर आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले तेव्हापासून दरडोई रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाने मिळणार, हे गावोगावी लोकांच्या कानावर आहे. त्यामुळे तुमचा प्रस्ताव म्हणजे तीच योजना, आणि ती तर सरकार देणारच आहे, असा समज पटकन होतो. सध्याच्या योजनेतून काय मिळते, प्रस्तावित सेवा त्याहून कशी वेगळी आहे आणि जादा खर्च कशासाठी आहे, हे पत्रकावर दोन शेजारशेजारच्या चित्रांत दाखवा.

२. पैसे कोणत्या वाटेने जातील ते ठरवा

अनामत, मीटर आणि जोडणीचा एकरकमी खर्च एकीकडे, आणि महिन्याचे बिल दुसरीकडे. या दोन्हींचे उत्तर एकाच प्रश्नात मिळत नाही. केरळच्या त्याच अभ्यासमालेत असे दिसले की अनेक कुटुंबांना महिन्याचा दर परवडत होता, पण सुरुवातीचा जोडणीखर्च जड जात होता, आणि तो खर्च हप्त्यांनी बिलात विभागला तर जोडण्या वाढल्या असत्या. म्हणून प्रश्नात दोन्ही रकमा स्पष्ट सांगा. जोडणीखर्च हप्त्याने देण्याचा पर्याय खरोखरच देणार असाल तरच तो मांडा.

पाणीपट्टी बहुतेक ग्रामपंचायतींत वर्षाची आकारली जाते आणि घरपट्टीबरोबर भरली जाते. तुम्ही "महिना १८० रुपये" विचाराल आणि प्रत्यक्षात मार्चअखेर २,१६० रुपयांची एकच पावती फाडाल, तर लोकांनी ज्याला हो म्हटले ती ही गोष्ट नव्हेच. ज्या काळाने वसुली होणार, त्याच काळाने विचारा, आणि खाली वर्षाची बेरीजही सांगा.

३. दर निवडा आणि चिठ्ठीने वाटा

"तुम्हीच सांगा किती द्याल" असे मोकळे विचारले तर अनेकजण गोंधळून शून्य किंवा पाचशे असा काहीतरी आकडा फेकतात. एका रकमेपासून सुरू करून "मग दोनशे? मग अडीचशे?" असे वर चढत जाण्याची रीत बाजारातल्या घासाघीसेसारखी सोपी वाटते, पण पहिला आकडा मनात रुतून बसतो आणि शेवटचे उत्तर त्याच्याच आसपास घोटाळते. एका घराला एकच दर विचारावा आणि हो किंवा नाही घ्यावे, ही रीत तुलनेने सुरक्षित आहे. अमेरिकेतील ‘नोआ’ या सरकारी संस्थेने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही १९९३ मध्ये अशाच हो-नाही प्रश्नाची शिफारस केली होती.

नमुना गावात पाच दर घेऊ: महिना ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० रुपये. प्रत्येक दर पन्नास घरांना, म्हणजे एकूण २५० घरे. कोणत्या घराला कोणता दर, हे चिठ्ठीने ठरवा. पाकीट दारात, घरच्या माणसासमोर उघडा. हे काम प्रश्नकर्त्याच्या मर्जीवर सोडले, की पत्र्याच्या घराला ६० आणि बंगल्याला ३०० विचारले जाते, आणि मग दर व ऐपत यांची अशी गुंतागुंत होते की ती सुटत नाही.

सर्वांत खालचा दर एवढा कमी हवा की जवळपास सगळे हो म्हणतील, आणि सर्वांत वरचा एवढा की बहुतेक नाही म्हणतील. त्यासाठी आधी वीस-पंचवीस घरांत चाचणी घ्या. वरच्या दरालाही निम्मे लोक हो म्हणाले, तर दर वाढवण्याआधी प्रश्नाची वाक्ये तपासा. बहुधा दोष तिथे असतो.

४. कोणती घरे आणि घरातले कोण

नमुना ८ ही चांगली यादी आहे, पण तिच्यावर घरमालक असतात. भाडेकरू, गावठाणाबाहेरच्या वस्त्या आणि अतिक्रमणातली घरे तिच्यात सुटतात, आणि पाण्याची खरी ओढाताण अनेकदा त्यांचीच असते. प्रत्यक्ष फिरून यादी पुरी करा.

पाणी बहुधा घरातल्या बायका भरतात आणि पाणीपट्टी बहुधा पुरुष भरतो. फक्त तिला विचारले तर गरज कळते, पण पैशाचा निर्णय राहतो. फक्त त्याला विचारले तर हापशावरच्या रांगेत गेलेला सकाळचा तास उत्तरात उतरत नाही. शक्य असेल तिथे दोघांना एकत्र बसवून एकच उत्तर घ्या आणि उत्तर कोणी दिले ते नोंदवा. सरपंच किंवा ग्रामसेवक सोबत येतो म्हणाले, तर नम्रपणे टाळा. त्यांच्यासमोर कुणी मोकळेपणाने नाही म्हणत नाही.

५. प्रश्न वाचून दाखवा, आपल्या शब्दांत सांगू नका

फुगवट्याची कारणे या टप्प्यावर समजून घ्यावी लागतात. पहिले कारण म्हणजे भिडस्तपणा: दारी आलेल्या, चहा घेतलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे जिवावर येते. दुसरे म्हणजे उत्तराला किंमत नसणे: हो म्हटल्याने काही जात नाही आणि योजना आली तर बरेच. तिसरे कारण उलट्या दिशेने काम करते: आपल्या उत्तरावरून दर ठरणार आहे असा वास आला की माणूस मुद्दाम कमी सांगतो. म्हणजे एकाच गावात काही उत्तरे फुगलेली आणि काही दाबलेली असू शकतात. सरसकट कपात चुकते ती याच कारणाने.

यावर एक उपाय म्हणजे प्रश्नाआधी हा धोका उघडपणे सांगणे. इंग्रजीत याला ‘चीप टॉक’ म्हणतात, आणि १९९९ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत अशा मोठ्या निवेदनामुळे फुगवटा जवळजवळ नाहीसा झाला होता. नंतरच्या प्रयोगांत मात्र त्याचा परिणाम कधी झाला, कधी झाला नाही. लहान निवेदन अनेकदा कुचकामी ठरले, आणि वस्तूचा आधीच अनुभव असलेल्यांवर त्याचा फारसा प्रभाव पडला नाही. त्यामुळे ते वापरा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

पुढचा मजकूर तुमच्या गावाच्या बोलीत बसवून घेता येईल, पण एकदा ठरला की प्रत्येक दारात तोच वाचायचा:

"ताई, दादा, आता एक दर सांगतो आणि तो परवडेल का ते विचारतो. त्याआधी एक गोष्ट. असे प्रश्न विचारले की पुष्कळ माणसे हो म्हणतात आणि खरोखर बिल आले की भरत नाहीत. त्यात त्यांचा लबाडीचा हेतू नसतो. विचारताना पैसे हातातून जात नाहीत, म्हणून तसे होते. तुम्ही मात्र असे समजा की पावती आजच समोर ठेवली आहे. हे पैसे पाण्याला दिले तर किराणा, मुलांची फी, औषधपाणी, बचतगटाचा हप्ता यातून ते काढावे लागतील. नाही म्हणालात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही. गावात अनेकजण नाही म्हणतात आणि त्यांची कारणेही रास्त असतात. सगळ्या घरांची उत्तरे एकत्र करून ग्रामपंचायतीला देणार आहोत आणि योजना करायची की नाही, हे ठरवताना ती पाहिली जातील. तुमच्या एकट्याच्या उत्तरावरून तुमचा दर ठरणार नाही.

रोज सकाळी सहा ते सात पाणी, मीटरसह. जोडणीसाठी एकदाच दीड हजार रुपये, आणि महिना (चिठ्ठीवरील दर) रुपये, म्हणजे वर्षाचे एवढे. सध्याची पाणीपट्टी यातच धरली आहे. अशी जोडणी घ्याल का?"

यातली दोन वाक्ये कधीही गाळू नका. "योजना करायची की नाही, हे ठरवताना पाहिली जातील" हे वाक्य उत्तराला वजन देते. उत्तर कुठेच पोचणार नाही असे वाटले, की माणूस काहीही सांगून मोकळा होतो. "सध्याची पाणीपट्टी यातच धरली आहे" हे वाक्य नसेल, तर निम्मी घरे नवा दर जुन्याच्या वर समजतात आणि निम्मी जुन्याऐवजी. अर्थात ही दोन्ही विधाने खरी असली तरच ती करा.

६. "हो" मिळाल्यावर तिथे थांबू नका

होकारानंतर लगेच विचारा: "हे पैसे तुम्ही भरालच, याबद्दल किती खात्री आहे? अगदी पक्के, बहुतेक भरू, की आत्ता सांगता येत नाही?" प्रयोगांमध्ये शून्य ते दहा अशी खात्रीची पट्टी वापरतात आणि सात-आठच्या खालचे होकार नकारात धरतात. तशा दुरुस्तीनंतर आकडे प्रत्यक्ष वागण्याच्या जवळ येतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मला मात्र गावात तीन शब्दांची पट्टी बरी वाटते. "दहापैकी किती खात्री" असे विचारले की लोक परीक्षेतल्या गुणांसारखे नऊ-दहा देऊन टाकतात.

त्यानंतर "का?" विचारा आणि उत्तर शब्दशः लिहा. नमुना म्हणून चार उत्तरे पाहा.

"आधी पाणी येऊ द्या, मग देऊ." हा होकारही नाही आणि नकारही नाही. माणसाला दर मान्य असू शकतो, पण सेवा मिळेल यावर विश्वास नाही. याला अटीचा होकार म्हणून वेगळा संकेतांक द्या. अशी उत्तरे खूप आली, तर दराचा प्रश्न बाजूला ठेवून आधी सहा महिने पाणी देऊन मग नवी पट्टी लावण्याचा विचार करावा लागतो.

"सगळे भरणार असतील तर आम्हीही भरू." गावातली वसुली कशी आहे यावर हे उत्तर उभे असते. नमुना ९ मध्ये थकबाकी मोठी असेल, तर हा होकार कच्चा धरा.

"पाणी द्यायचे काम सरकारचे, पैसे कसले मागता?" हा निषेधाचा नकार आहे. या घराला पाण्याची गरज शून्य आहे असा त्याचा अर्थ नाही. असे नकार वेगळे मोजा, पण जोडण्यांचा अंदाज करताना ते बाहेर काढून टाकू नका, कारण पट्टी लागू झाल्यावर हे घर बहुधा पैसे भरणार नाही.

"आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे." हा खरा नकार आहे आणि तुमच्या हाती आलेली सर्वांत स्वच्छ माहिती.

प्रश्नावलीच्या शेवटी सध्याचा खर्च विचारा: गेल्या महिन्यात जार किती घेतले, टँकर किंवा ड्रमला किती दिले, बोअरच्या मोटारीचे बिल किती, पाणी आणायला रोज किती वेळ जातो. आज पाण्यावर काहीच खर्च न करणारे, पाणी दारात येत असलेले घर "३०० रुपये, अगदी पक्के" म्हणत असेल, तर त्याचे कारण दुसऱ्यांदा विचारण्यासारखे आहे. हे प्रश्न दराच्या प्रश्नाआधी ठेवू नका, नाहीतर टँकरचा मोठा आकडा मनात ठेवून माणूस नव्या दराकडे पाहतो.

७. काही घरांना एक रात्र द्या

नायजेरियात पाणीपुरवठ्यावरच्या एका सर्वेक्षणात काही कुटुंबांना लगेच उत्तर द्यायला लावले आणि काहींना एक दिवस विचाराला दिला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वेळ मिळालेल्या कुटुंबांनी कमी रक्कम सांगितली. आपल्याकडेही हे सहज करता येते. चिठ्ठीने निवडलेल्या एक-तृतीयांश घरांना पत्रक आणि दर देऊन या, "घरात बोलून ठेवा, उद्या येतो" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्या. दोन गटांत फरक दिसला, तर तो तुमच्या गावातल्या भिडस्तपणाचा आणि घाईचा अंदाज असतो. खर्च वाढतो हे खरे, पण मनुष्यबळ कमी असेल तर मी घरांची एकूण संख्या थोडी घटवीन आणि ही रात्र ठेवीन.

८. हिशेब: एकाच सर्वेक्षणातून दोन वेगळे निर्णय

नमुना गावातले होकार असे आले असे समजू. प्रत्येक ओळीत पन्नास घरे आहेत.

| महिन्याचा दर | एकूण होकार | फक्त "अगदी पक्के" |
|---|---|---|
| ₹६० | ४५ (९०%) | ४२ (८४%) |
| ₹१२० | ३८ (७६%) | ३२ (६४%) |
| ₹१८० | २९ (५८%) | २० (४०%) |
| ₹२४० | १८ (३६%) | ९ (१८%) |
| ₹३०० | १२ (२४%) | ४ (८%) |

सरासरी तयारीचा सावध आकडा काढण्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. दर साठ-साठच्या पायरीने वाढतात, म्हणून प्रत्येक पायरीवरचा होकाराचा वाटा साठने गुणून बेरीज करायची. सगळे होकार धरले तर ६० × (०.९० + ०.७६ + ०.५८ + ०.३६ + ०.२४) म्हणजे सुमारे १७० रुपये येतात. फक्त पक्के धरले तर ६० × २.१४, म्हणजे सुमारे १२८ रुपये. ही खालची मर्यादा आहे: १२० ला हो म्हणणारे घर कदाचित १७० ही दिले असते, पण आपण त्याचे १२० च धरले आहेत. या रीतीसाठी दर वाढेल तसा होकार घटत जायला हवा. मध्येच वाढला तर शेजारच्या दोन पायऱ्या एकत्र करतात.

सरासरीपेक्षा महत्त्वाचे आहे ते दर ठरवणे. सहाशे घरांवर हिशेब लावू. सगळे होकार खरे मानले तर १८० रुपये दराला ३४८ घरे येतात आणि महिन्याला ६२,६४० रुपये जमतात. पाचही दरांत हीच रक्कम सर्वांत मोठी आहे. देखभालीचा खर्च महिना ४५,००० धरला, तर योजना नफ्यात दिसते आणि सभेत १८० चा ठराव होतो. फक्त पक्के होकार धरले तर त्याच दराला २४० घरे आणि ४३,२०० रुपये येतात, म्हणजे खर्चही निघत नाही. १२० रुपये दराला ३८४ घरे आणि ४६,०८० रुपये येतात, म्हणजे खर्च जेमतेम भागतो.

इथे एक खबरदारी हवी. पन्नास घरांवरून काढलेल्या ४० टक्क्यांभोवती साधारण १३-१४ टक्केबिंदूंची अनिश्चितता दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे ४३,२०० आणि ४६,०८० यांतला फरक खरा आहे असे म्हणता येणार नाही. मात्र ६२,६४० च्या आकड्यावर योजना उभी करणे धोक्याचे आहे, एवढे हे कोष्टक नक्की सांगते. आणि पक्का होकार म्हणजेही वसुली नव्हे. १२० रुपये दराला ८५ टक्के वसुली झाली, तर हातात ३९,१६८ रुपयेच येतात. अहवालात सगळे होकार, पक्के होकार आणि वसुलीनंतरची रक्कम, असे तीनही आकडे शेजारशेजारी लिहा. फक्त मधला लिहिला, तर वाचणारा तो वसूल होणारी रक्कम समजतो.

९. उत्तरे फुगलीत का, हे तपासण्याच्या तीन खुणा

पहिली खूण प्रश्नकर्त्यांची. प्रत्येकाच्या घरांतील होकाराचे प्रमाण वेगळे काढा. दर चिठ्ठीने वाटले असल्याने आणि घरेही तशीच वाटली असतील तर फार फरक पडू नये. एकाच्या घरांत १८० रुपयांना ऐंशी टक्के होकार आणि इतरांकडे निम्मे, असे दिसले तर त्याच्यासोबत दोन घरे फिरा. तो मजकूर वाचतो की समजावून पटवतो, हे लगेच कळते.

दुसरी खूण सेवेची. चाचणीत काही घरांना रोज एक तास आणि काहींना एक दिवसाआड एक तास अशी सेवा त्याच दराने विचारा. दोन्हींना सारखाच होकार आला, तर लोकांनी तुमची सेवा ऐकलेलीच नाही. त्यांनी "पाणी" या शब्दाला आणि तुमच्या येण्याला हो म्हटले.

तिसरी खूण पैशांची, आणि तीच सर्वांत भक्कम. ग्रामसभेत योजना तत्त्वतः मान्य झाली आणि ग्रामपंचायत तयार असेल, तर जोडणीच्या अनामतीपैकी लहानशी रक्कम, पावती देऊन, परत मिळण्याच्या लेखी हमीसह ठरावीक मुदतीत भरण्याचे आवाहन करा. पैसे योजनेच्या बँक खात्यात जायला हवेत. सर्वेक्षण करणाऱ्याने रोख हातात घेऊ नये. मग पक्के, बहुतेक आणि "सांगता येत नाही" या तीन गटांतल्या किती घरांनी खरोखर भरले ते जुळवून पाहा. पक्क्यांपैकी फार थोड्यांनी भरले आणि मुदत सुगीच्या आधीची असेल, तर निष्कर्ष काढण्याआधी सोयाबीन किंवा ऊसबिलाचे पैसे हातात येईपर्यंत मुदत वाढवा, आणि दुसऱ्या यादीत किती नावे वाढली ते पाहून मगच दराचा ठराव मांडा.